सकाळच्या पेट्रोलचं गणित

मे महिना लागला की आमच्या जळगावात दोन गोष्टी हमखास येतात. एक, पारा ४४ वर. दोन, व्हॉट्सअ‍ॅपवर तो मेसेज : पेट्रोल पहाटे भरा, थंडीत ते घट्ट असतं, दुपारी फुगतं, तुमचे पैसे हवेत जातात. शेजारचे अप्पा तेव्हापासून सहाच्या ठोक्याला स्कूटर काढतात. खास पेट्रोलसाठी दोन किलोमीटर जाणं, दोन किलोमीटर येणं.

मेसेज अगदीच खोटा नाही, आणि म्हणूनच तो मरत नाही. पेट्रोल खरंच फुगतं. तापमान एक अंशाने वाढलं की लिटरमागे साधारण एक मिलिलिटर, किंचित जास्तच. डिझेल त्याहून थोडं कमी फुगतं. आपल्याकडे पंपाचं मशीन लिटर मोजतं, वजन नाही. म्हणजे गरम पेट्रोलच्या लिटरात माल थोडा कमीच. पहाटे २७ आणि दुपारी ४४ असा १७ अंशांचा फरक धरला, तर अप्पांच्या चार लिटरमागे ७५ मिलिलिटर होतात. १०५ रुपये लिटर धरा, आठ रुपये झाले. मीसुद्धा मान डोलावली असती.

पण पेट्रोल उन्हात उघड्यावर ठेवलेलं असतं का?

माझा मावसभाऊ भुसावळ रस्त्यावरच्या एका पंपावर मॅनेजर आहे. त्याला विचारलं तर तो हसला. "भाऊ, तू सकायले ये नाही तं दुपारले ये, जमीनमातली टाकीले काय समजस?" टाकीच्या वरच मीटरभर माती-वाळू आणि त्यावर काँक्रीट. दिवसाचं ऊन जमिनीत वीतभर, फार तर हातभर उतरतं, तोवर रात्र होते. खालच्या हजारो लिटरला पहाट-दुपार कळतच नाही. ऋतू कळतो. जानेवारीत टाकी थंड, मेमध्ये कोमट, पण तो फरक महिन्यांचा, तासांचा नव्हे.

त्याने रजिस्टर समोर ठेवलं. पंपावर रोज सकाळी टाकीतलं पेट्रोल काचेच्या उभ्या जारमध्ये घेतात, त्यात हायड्रोमीटर आणि थर्मामीटर सोडतात, आणि घनता व तापमान लिहून ठेवतात. मी तापमानाच्या रकान्यावर बोट फिरवत गेलो. ३२, ३२, ३२, आणि मग एकदम ३७.

"हे काय?"

"टँकर."

इथे मला खरा मासा गळाला लागल्यासारखं वाटलं. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून निघालेला टँकर दिवसभर उन्हात तापत येतो. टाकीत ३२ अंशांचं ५,००० लिटर उरलंय आणि वरून ४० अंशांचं १२,००० लिटर ओतलं असं समजा. मिश्रण साडेसदतीसच्या आसपास जातं. मातीत पुरलेली टाकी जशी लवकर तापत नाही तशी लवकर निवतही नाही, त्यामुळे संध्याकाळी टँकर रिकामा झाला असेल तर दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला अप्पा जे पेट्रोल घेतात ते आठवड्यातलं सगळ्यात गरम असतं! चार लिटरमागे जेमतेम २५ मिलिलिटरचा, म्हणजे अडीच रुपयांचा फटका. आणि तो वाचवायचा तर घड्याळ नव्हे, टँकर कधी आला ते बघायला हवं.

मालक यातून कमावतो असंही समजू नका. तो माल मोजून घेतो गरम, आणि तो टाकीत सहा अंशांनी निवला की त्या १२,००० लिटरमधले पाऊणशेहून जास्त लिटर टाकीतली पातळी मोजायच्या डिपच्या काठीवर दिसेनासे होतात. मावसभाऊ याला 'घट' म्हणतो आणि म्हणताना तोंड कडू करतो.

दुपारच्या विरोधात एकच मुद्दा उरतो, आणि तो मी सोडणार नाही. उन्हात लोंबणाऱ्या पाईपात पाऊण-एक लिटर पेट्रोल असतं. पंप तासभर ओस पडला असेल तर ते चांगलं तापतं, दहा अंशांनी धरा. पुढे येणाऱ्या पहिल्या गिऱ्हाइकाला दहाएक मिलिलिटरचा, रुपयाभराचा तोटा. दुसऱ्याला तोही नाही.

आता अप्पांच्या फेरीचा हिशोब. स्कूटर लिटरला ४५ देते. जाऊन-येऊन चार किलोमीटर म्हणजे ८९ मिलिलिटर, नऊ रुपयांच्या वर. मेसेजमधलं सगळं खरं धरलं तरी वाचतात आठ.

पैसे खरंच जात असतील तर ते मापात जातात. शंका आली तर पंपावरचं पाच लिटरचं शिक्का मारलेलं माप मागा. ते प्रत्येक पंपावर असतं आणि गिऱ्हाइकाला मोजून दाखवावं लागतं. त्यात २५ मिलिलिटरपर्यंत फरक चालतो, त्यापुढे कमी भरलं तर तक्रार करा.

हे सगळं मी अप्पांना ओट्यावर बसून कागदावर मांडून दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, नऊ रुपयांवर बोट ठेवलं आणि विचारलं, "मग टँकर कोणत्या वारी येतो, तेवढं विचारून ठेव ना."