सकाळचा आकडा, दुपारची ऑर्डर

फोंड्याहून आलेली प्रतिक्रिया: "पुरवठादाराची शिल्लक मालाची यादी रोज सकाळी ऑनलाइन दुकानात चढवा, संपलेला माल विकला जाणार नाही, असं तुम्ही लिहिलंत. मी तेच केलं. तरी चवथीच्या तोंडावर चार गिऱ्हाइकांचे पैसे परत केले. स्वतः करून बघून मग लिहीत जा."

तुमचा राग रास्त आहे. लेख अर्धाच होता, आणि राहिलेला अर्धाच जास्त महत्त्वाचा.

सकाळी आठला आलेली यादी आठचीच असते. तोच पुरवठादार दिवसभर आणखी दुकानांना आणि स्वतःच्या गिऱ्हाइकांनाही माल देतो. दुपारी चारला तुमच्याकडे ऑर्डर पडते, तेव्हा त्याचा रॅक रिकामा असू शकतो. म्हणून यादीतला आकडा जसाच्या तसा दाखवायचा नाही, त्यातून राखीव नग वजा करायचे.

राखीव किती, ते जुन्या याद्याच सांगतात. गेल्या वर्षी चवथीआधी माझ्या मखराच्या लाइटमाळेचे सकाळचे आकडे होते 22, 15, 11, 6. एका दिवसात जास्तीत जास्त सात नग गेले, म्हणून राखीव सात. शेवटच्या सकाळी यादीत सहा होते, पण माझ्या दुकानात शून्य दिसायला हवं होतं. मी सहा दाखवले, दोन विकले, आणि संध्याकाळी पुरवठादाराचा फोन आला की माळ संपली. चवथ दोन दिवसांवर. पैसे परत मिळाले म्हणून गिऱ्हाइकाचं मखर काही उजळत नाही, हे फोनवर ऐकून घेताना फार लागलं.

शीटमध्ये C रकान्यात सकाळचा आकडा आणि D मध्ये राखीव ठेवा. दुकानात चढवायचा आकडा हा:

```
=MAX(0, C2-D2)
```

WooCommerce मध्ये `Out of stock threshold` आहे, पण तो सगळ्या वस्तूंना एकच लागतो. माळेला सात आणि महिन्याला एक खपणाऱ्या समईलाही सात, असं होऊन बसतं. त्यामुळे शीटच बरी. एखाद्या सकाळी यादी आलीच नाही, तर कालच्या आकड्यातून राखीव दुप्पट वजा करा, कारण तो आकडा आता दोन दिवस पुरवायचा आहे.

तुमच्या चारपैकी तीन ऑर्डरी एकाच रंगाच्या असतील, तर आणखी एक जागा बघा. रंगवार वस्तूत `Manage stock?` ही खूण प्रत्येक रंगावर हवी. ती फक्त मूळ वस्तूवर असेल, तर गुलाबी संपला तरी सगळ्या रंगांच्या बेरजेवर तो विकला जात राहतो. `Allow backorders?` समोर `Do not allow` आहे ना, तेही पाहून घ्या.

पुरवठादाराची मोजणीच चुकलेली असेल, फुटके नग त्याने वगळले नसतील, तर राखीव कमी पडतो. म्हणून सणाआधीच्या आठवड्यात आकडा राखीवच्या जवळ आला की मी ऑर्डर पक्की करण्याआधी त्याला फोन करतो आणि नग हातात घेऊन बघायला सांगतो.

त्या चार ऑर्डरींच्या तारखा आणि त्या सकाळचे आकडे इथेच लिहा. तुमचा राखीव किती हवा होता, ते मी काढून देतो.