आठ म्हणजे आठ

आमच्या घरात भांडणं दोनच कारणांवरून होतात. एक म्हणजे पलंगावर टाकलेला ओला टॉवेल आणि दुसरं म्हणजे कोणता गेम उडवायचा. टॉवेलवर तोडगा निघायची शक्यता नाही. गेमवर मात्र काढता येईल, असं मला एका रविवारी सकाळी वाटलं आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

आमच्या सुरुवातीच्या मॉडेलच्या प्लेस्टेशन ५ च्या खोक्यावर ८२५ जीबी लिहिलेलं आहे. प्रत्यक्ष आपल्या हाताला लागतात ६६७. सुपर बिल्ट-अप आणि कार्पेट यांतला फरक पुण्यात फ्लॅट घेतलेल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही, म्हणून मी काही बोललो नाही. पण एकेक गेम शंभर-सव्वाशे जीबीचा असला की पाचसहा गेममध्ये घर भरतं. मग नवा आणायचा तर जुना काढा, आणि काढायचा तो नेहमी माझाच.

"दोन हजारांची बाहेरची हार्ड डिस्क लावू की," मी म्हणालो.

"बाबा, तिच्यावर पीएस५ चे गेम नुसते ठेवता येतात. तिच्यावरून खेळता येत नाहीत," चिरंजीव म्हणाले. "खेळायच्या वेळी परत आत आणायचे."

म्हणजे माळा. दिवाळीला कंदील काढायचा आणि तुळशीच्या लग्नानंतर वर टाकायचा. आम्हाला माळा नको होता, खोली वाढवायची होती. ती खोली यंत्रात मुळातच बांधलेली असते. बाजूचं पांढरं झाकण काढलं की पंख्याशेजारी एक लांबट खाच असते. तिच्यात एम.२ जातीचा एनव्हीएमई ड्राइव्ह, म्हणजे गेम साठवायची वेगवान पट्टी, बसतो. यंत्र विकत घेतलं तेव्हा ही खोली कुलपात होती. सोनीने सप्टेंबर २०२१ मध्ये अपडेट देऊन ती उघडली.

आता असा ड्राइव्ह माझ्या कपाटातच होता. जुन्या लॅपटॉपमधून काढलेला, ५१२ जीबीचा, च्युइंगमच्या पट्टीएवढा. फुकटात काम होणार या आनंदात मी भाच्याला फोन केला.

"मामा, तो जेन थ्री आहे, तिसऱ्या पिढीचा. तुला चौथ्या पिढीचा, जेन फोर लागेल."

"पण दिसतो अगदी तस्साच. खाचसुद्धा एकच आहे."

"दिसण्यावर जाऊ नकोस. दोन्हींना एकच खाच असते. स्टिकरवर काय लिहिलंय ते वाच."

स्टिकरवर वेग लिहिला होता सेकंदाला ३,५०० एमबी. मला तो पुष्कळ वाटला. पण प्लेस्टेशनचा आतला ड्राइव्ह ५,५०० ने वाचतो आणि गेम लिहिणारे त्या भरवशावर गेम लिहितात. आपला माणूस गल्लीतून धावत असताना पुढची गल्ली त्याच क्षणी आत ओढली जात असते. ओढणाराच दमला तर पुढे गल्लीच नाही. म्हणून सोनीची अट जेन फोर, चार लेनचा ड्राइव्ह अशी आहे आणि वाचण्याचा वेग ५,५०० किंवा जास्त असावा अशी शिफारस आहे. जेन थ्रीचा रस्ताच चार हजारांच्या आत संपतो, मग ड्राइव्ह कितीही गुणी असो. माझी पट्टी कपाटात परत गेली आणि मी १ टीबीचा, खोक्यावर ७,००० छापलेला जेन फोर मागवला.

हीटसिंकवाला घेतला असता तर हा लेख इथेच संपला असता. पण हीटसिंकवाला महाग होता, आणि ॲल्युमिनियमच्या तुकड्याला इतके पैसे कशाला, हा प्रश्न माझ्या रक्तात आहे. हीटसिंक हवाच, हे सोनीनेच सांगितलंय. एवढ्या वेगाने वाचणारी चिप तापते आणि तापली की स्वतःच वेग उतरवते. म्हणून मी तो वेगळा मागवला. तोही चांगला दणकट, वर पंख्यासारखे उभे पापुद्रे असलेला. जास्त धातू म्हणजे जास्त थंड, असा माझा हिशोब.

जाडीची अट मी वाचली होती, हे नमूद करतो. हीटसिंकसकट एकूण जाडी जास्तीत जास्त ११.२५ मिमी. चिरंजिवांच्या कंपासपेटीतली पट्टी लावून मी मोजलं. अकराच्या जरासं पुढे, सव्वाअकराच्या आत. बसलं!

नाही बसलं.

प्लेस्टेशन बंद केलं, म्हणजे रेस्ट मोडमध्ये झोपवलं नाही तर पूर्ण बंद. सगळ्या वायरी काढल्या. खाली लावलेला स्टँड काढला. डायनिंग टेबलावर टॉवेल (कोरडा) अंथरून यंत्र आडवं केलं. डिस्कची फट असते तिच्या विरुद्ध बाजूचं झाकण एका कोपऱ्यातून उचलून सरकवायचं असतं. त्याचा आवाज असा येतो की आपण सहा महिन्यांचा ईएमआय मोडला. स्वयंपाकघरातून "काय तुटलं?" आलं. "काही नाही" म्हणताना माझा आवाज जरा वरच्या पट्टीत होता.

खाचेवरच्या लहान पत्र्याचा स्क्रू काढला. आत एक स्क्रू आणि त्याखाली बुशसारखं पिटुकलं कडं, त्याला स्पेसर म्हणतात. ड्राइव्हच्या लांबीप्रमाणे तो वेगवेगळ्या ठिकाणी बसवायचा. माझा ड्राइव्ह २२८०, म्हणजे २२ मिमी रुंद आणि ८० लांब, म्हणून ८० च्या खुणेवर. ड्राइव्ह तिरका आत सरकवला. मग दुसरं टोक स्प्रिंगसारखं वर राहतं, ते बोटाने खाली दाबून स्क्रू आवळला. सोनेरी दात बाहेर दिसत नाहीत ना, ते पाहिलं. ते दिसले तर ड्राइव्ह पूर्ण आत गेलेला नाही आणि यंत्राला तो सापडणारच नाही. सगळं शास्त्रोक्त. पत्रा वर ठेवला, तर तो एका अंगाने टेकला आणि दुसऱ्या अंगाने डुगडुगत राहिला. लग्नाच्या पंगतीतल्या पाटासारखा.

मी जरा दाबला. "बाबा, दाबू नकोस," चिरंजीव म्हणाले आणि वरच्या मजल्यावरच्या काकांना घेऊन आले.

काका पिंपरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये पस्तीस वर्षं होते. निवृत्तीला बारा वर्षं झाली, पण व्हर्नियर अजून खिशातच असतो. बायका मंगळसूत्र जपतात तसा ते तो जपतात. आल्या आल्या त्यांनी टेबल पाहिलं. मोकळे स्क्रू पोह्यांच्या ताटलीशेजारी पसरले होते.

"स्क्रू वाटीत," काका म्हणाले. "शेजारी उघडा पंखा आहे. एक त्यात पडला तर जन्मभर खुळखुळा वाजवत बस."

स्क्रू वाटीत गेले. मग व्हर्नियर निघाला.

"काय लिमिट दिलंय?"

"सव्वाअकरा. माझं अकरा पॉइंट दोन भरलं."

"टोटल सांगू नकोस. वर किती, खाली किती?"

मी फोनवर पुन्हा वाचलं. आणि खरोखरच तिथे पुढची ओळ होती, जी मी गृहकर्जाच्या कागदासारखी सोडून दिली होती. ज्या पाटीवर ड्राइव्हच्या चिप बसवलेल्या असतात त्या पाटीच्या वर ८.० मिमी, पाटीच्या खाली २.४५ मिमी.

काकांनी डोळे मिटले. "आठ आणि दोन पंचेचाळीस, दहा पंचेचाळीस. सव्वाअकरातून गेले, उरले शून्य पॉइंट आठ. ते काय?"

कोणीच बोललं नाही. काकांनी माझा ड्राइव्ह हीटसिंकमधून सोडवला, नुसती हिरवी पाटी जबड्यात धरली आणि व्हर्नियर माझ्यापुढे केला. ०.८. ती पाटीचीच जाडी होती. "म्हणजे माप बरोबर दिलंय," काका म्हणाले, जणू सोनीने कच्चं ड्रॉइंग त्यांच्याकडे पाठवलं होतं आणि त्यांनी आता सही केली.

मग माझ्या पराक्रमाचं विच्छेदन झालं. पाटी ०.८. खालच्या बाजूला चिप नव्हत्या, फक्त पत्र्याची क्लिप, ०.३. आणि वर पापुद्र्यांसकट १०.१. बेरीज ११.२, पास. वरची बाजू २.१ ने नापास. खाली दोन मिमीपेक्षा जास्त जागा रिकामी आणि वर डोकं छताला. एकूण गुण काढून पास झालेला मुलगा गणितात बसतोच असं नाही, हे मला स्वतःच्या दहावीवरून तरी कळायला हवं होतं.

"पत्रा न लावता तसाच ठेवला तर?" मी विचारलं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. पस्तीस वर्षांत किती अप्रेंटिस असे पाहिले असतील कोण जाणे. "पत्रा परत लावायचा असं लिहिलंय ना? आठ म्हणजे आठ."

एवढ्यात त्यांना आणखी काही दिसलं. हीटसिंकखाली एक मऊ निळसर गादी असते, थर्मल पॅड. चिपची उष्णता धातूपर्यंत पोचवायची ती त्या गादीनेच. काकांनी नखाने तिच्या कडेला ओरखडा काढला आणि एक पारदर्शक पापुद्रा अलगद सोलून माझ्या हातात दिला. मी एका बाजूचा काढला होता आणि दुसरा राहिला होता. म्हणजे बसलं असतं तरी मी चिपला प्लॅस्टिकचा रेनकोट घालून आत बसवलं असतं, आणि वर लिहिलं असतं की हीटसिंक काही कामाचा नाही. (पापुद्रा काढायचा तो गादीचा. ड्राइव्हवरचं कंपनीचं स्टिकर ओरबाडू नये, वॉरंटी जाते. मी तेही ओरबाडायला घेतलं होतं.)

दुसरा हीटसिंक बुधवारी आला. सपाट, वर बारीक चऱ्या, दिसायला अगदीच गरीब. काकांनी गादी दाबून बसल्यानंतर पुन्हा मोजला, कारण गादीची जाडीही आठातच धरायची. वर ५.२, खाली ०.५. पत्रा असा बसला की आवाजही झाला नाही.

यंत्र चालू केलं. पडद्यावर आपोआप ड्राइव्ह फॉरमॅट करायचं पान आलं. `Format M.2 SSD` दाबताना त्यावर आधीचं काही असेल तर पुसलं जातं. नवाच होता, तरी मी डोळे मिटले. काही क्षणांत यंत्राने स्वतःच वेग मोजून दाखवला. सहा हजार चारशेच्या जरा वर.

"खोक्यावर सात हजार आहे," मी कुरकुरलो.

"गाडीच्या जाहिरातीतलं ॲव्हरेज रस्त्यावर मिळतं का?" काका म्हणाले. "पास मार्क किती? साडेपाच. मग?"

नवे गेम आपोआप नव्या ड्राइव्हवर जावेत म्हणून सेटिंगमध्ये तशी जागा नेमून दिली आणि माझे जुने गेम तिकडे हलवायला घेतले. शंभर जीबीचा एक गेम काकांचा चहा संपायच्या आत गेला. काका थोडे निराश दिसले. एवढ्या कामाला निदान दुपार लागायला हवी होती, असं त्यांचं मत.

जाताना त्यांनी नापास हीटसिंक मागून घेतला. भंगार म्हणून ठेवणार असतील, असं मला वाटलं.

पुढच्या रविवारी बेल वाजली. दारात काका, हातात कानस, खांद्यावर ॲल्युमिनियमचा भुगा. रुमालात गुंडाळलेला हीटसिंक त्यांनी उघडला. सगळे पापुद्रे एका पातळीत, आरशासारखे.

"गादीसकट सात पॉइंट नऊ आठ," काका म्हणाले. "आता याला एक ड्राइव्ह आण."