मधोमध धरून मोमेंट ऑफ इनर्शिया निघत नाही

“मोमेंट ऑफ इनर्शियासाठी dm अन् इंटिग्रेशनचा पसारा कशाला? कांडी असो की तबकडी, सगळं वस्तुमान मधोमध आहे असं धरा, अक्षापासूनच्या अंतराचा वर्ग करा आणि गुणा. तसं जमत नसेल तर सरासरी अंतर घ्या. तबकडी म्हणजे गोल गोल मांडलेल्या कांड्याच, तिला वेगळं गणित लागत नाही. तेही नको असेल तर चार सूत्रं पाठ करा, सीईटीला तेवढं पुरे. सगळ्या ग्रुपवर पाठवा.”

आमच्या यवतमाळकडच्या खेड्यांतली बारावीची मुलं हा मजकूर एकमेकांना पाठवत आहेत, आणि तो त्यांना का पटतो हे मला कळतं. राज्य मंडळाच्या बारावीच्या भौतिकशास्त्रात घूर्णन गतीचा धडा अगदी पहिला आहे. इंटिग्रेशन मात्र गणिताच्या दुसऱ्या भागात, खूप नंतर येतं. जीवशास्त्र घेऊन गणित सोडलेल्यांना तर तेही मिळत नाही. “सर, आमाले तं इंटिग्रेशन शिकोलंच नाई,” असं वर्गात कुणी म्हटलं तर ते खरंच असतं. म्हणून मी इथं आधी फक्त तुकडे आणि बेरीज वापरतो. इंटिग्रेशनचं चिन्ह त्या बेरजेनंतर आपोआप येईल.

सुरुवात मधोमध धरण्यापासून करू. एकसारख्या जाडीची कांडी घ्या, लांबी L, वस्तुमान M, आणि ती एका टोकाभोवती फिरते आहे. मधला बिंदू टोकापासून L/2 वर, म्हणून या पद्धतीनं उत्तर ML²/4 येतं. आता कांडीचे दोन सारखे तुकडे करा. प्रत्येकाचं वस्तुमान M/2, त्यांचे मध्य L/4 आणि 3L/4 वर. वर्ग करून गुणलं आणि बेरीज केली की ML² च्या पुढचा आकडा ०.३१२५ येतो. चार तुकडे केले तर ०.३२८, दहा केले तर ०.३३२५, शंभर केले तर ०.३३३३ च्या अगदी जवळ. आकडा एक तृतीयांशाकडे सरकत जातो आणि तिथंच थांबतो. म्हणजे ML²/4 हे याच रीतीचं पहिलं, सगळ्यात ओबडधोबड उत्तर आहे: कांडीचा एकच तुकडा केला तर येणारं.

प्रत्येक वेळी थोडं कमी का पडतं, हे समजलं की पुढचं सगळं सोपं होतं. तुकड्याचं वस्तुमान त्याच्या मध्यावर आहे असं धरलं की त्याच्या आत जे वस्तुमान मध्याच्या अलीकडे-पलीकडे पसरलेलं आहे ते हिशेबातून सुटतं. पलीकडचा भाग वर्गामुळे जितका जास्त मोजला जायला हवा, तितकं अलीकडचा भाग कमी करत नाही. n तुकड्यांमागे ही तूट बरोबर ML²/(12n²) इतकी असते. n ला १ ठेवलं तर तूट ML²/12, आणि हाच त्या कांडीचा स्वतःच्या मध्याभोवतीचा मोमेंट ऑफ इनर्शिया आहे. n वाढवत नेलं की तूट शून्याकडे जाते. तुकडा dx इतका बारीक केला, त्याचं वस्तुमान dm = (M/L) dx लिहिलं आणि ० पासून L पर्यंत बेरीज केली की तेच असं दिसतं:

I = ∫ x² dm = (M/L) ∫ x² dx = ML²/3

अक्ष कांडीच्या मध्यातून असेल तर बेरीज −L/2 पासून +L/2 पर्यंत करायची, उत्तर ML²/12. मधोमध धरणाऱ्यांचं उत्तर इथं शून्य येतं. शून्य मोमेंट ऑफ इनर्शियाची कांडी बोटानं नुसती टिचकी मारली तरी अमर्याद वेगानं फिरायला हवी.

कागदावर विश्वास नसेल तर लाकडी मीटरपट्टी घ्या. एका टोकापासून १ सेंटिमीटरवर भोक पाडा, गुळगुळीत खिळ्यावर टांगा आणि थोडीशी बाजूला ओढून सोडा. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर २० झोके मोजा. झोक्याचा काळ T = 2π√(I/Mgd) असतो, d म्हणजे खिळ्यापासून गुरुत्वमध्यापर्यंतचं अंतर, इथं ०.४९ मीटर. खऱ्या मोमेंट ऑफ इनर्शियानं २० झोक्यांना सुमारे ३२.६ सेकंद लागायला हवेत, सगळं वस्तुमान मधोमध असतं तर २८.१ सेकंद. साडेचार सेकंदांचा हा फरक बोटाच्या चुकीनं झाकला जाणार नाही. काळजी दोनच गोष्टींची घ्यायची. खिळा भोकात घट्ट बसला तर पट्टी २० झोके होण्याआधीच थांबते, आणि झोका फार मोठा घेतला तर काळ थोडा वाढतो, म्हणून दहा अंशांच्या आत ठेवा.

हा गैरसमज मुळात येतो कुठून? गुरुत्वाकर्षणाचा टॉर्क काढताना आपण सगळं वस्तुमान गुरुत्वमध्यात धरतो आणि तिथं ते अगदी बरोबर असतं, कारण टॉर्कमध्ये अंतर एकदाच येतं. फिरणाऱ्या तुकड्याचा वेग ωx असतो आणि गतिज ऊर्जेत त्या वेगाचा वर्ग लागतो, म्हणून मोमेंट ऑफ इनर्शियात अंतर दोनदा येतं. अंतर एकदाच असलेल्या बेरजेला सरासरी चालते, वर्गाच्या बेरजेला चालत नाही.

सरासरी अंतराचा मुद्दा यातच निकालात निघतो. मध्यातून अक्ष असलेल्या कांडीत सरासरी अंतर L/4, त्याचा वर्ग करून M नं गुणलं की ML²/16. खरं उत्तर ML²/12. तबकडीत सरासरी अंतर 2R/3, म्हणून 4MR²/9. खरं उत्तर MR²/2. वर्गांची सरासरी ही सरासरीच्या वर्गापेक्षा मोठी असते, म्हणून अशी चूक नेहमी कमीच्या बाजूला होते. अपवाद एकच: सगळं वस्तुमान अक्षापासून सारख्याच अंतरावर असेल तर. पातळ कडी तशी असते.

तबकडीचं प्रकरण जास्त फसवं आहे. R लांबीच्या कांड्या केंद्रातून चहूकडे मांडल्या तर प्रत्येकीचा आकडा १/३, म्हणून तबकडीचाही MR²/3, असा हा युक्तिवाद. ऐकायला तो पक्का वाटतो. पण बैलगाडीच्या चाकाचे आरे आठवा: तुंब्याजवळ ते एकमेकांना खेटून असतात आणि काठाकडे जाताना त्यांच्यातली जागा रुंदावत जाते. सारख्या जाडीच्या कांड्यांनी तबकडी भरतच नाही. केंद्राजवळ वस्तुमान वाजवीपेक्षा जास्त पडतं, काठाशी कमी. भरीव तबकडीत काठाकडे वस्तुमान जास्त असतं, कारण तिथं जागाच जास्त आहे.

म्हणून तबकडी कड्यांमध्ये कापायची. r त्रिज्येची आणि dr रुंदीची कडी सरळ केली तर ती 2πr लांबीची पट्टी होते, तिचं क्षेत्रफळ 2πr dr. संपूर्ण तबकडीच्या πR² शी तुलना केली की dm = (2M/R²) r dr. त्या एकट्या r मध्ये सगळा फरक आहे. बेरीज ० पासून R पर्यंत:

I = (2M/R²) ∫ r³ dr = MR²/2

तुकड्यांनीही हेच दिसतं. दोन कड्या करा, सारख्या रुंदीच्या. आतल्या भागात एक चतुर्थांश वस्तुमान, त्याची मधली त्रिज्या R/4. बाहेरच्यात तीन चतुर्थांश, मधली त्रिज्या 3R/4. बेरीज ०.४३७५. पाच कड्या केल्या तर ०.४९. हा आकडा अर्ध्याकडे चालला आहे, एक तृतीयांश केव्हाच मागे पडला. (अक्ष इथं तबकडीच्या पृष्ठाला लंब आणि केंद्रातून आहे; तबकडी व्यासाभोवती फिरवली तर उत्तर MR²/4.)

वहीत ही चूक पकडायची कशी? बरीच मुलं dm ची बेरीज M येते का ते तपासतात. तपासणी चांगली आहे, पण इथं ती फसते: dm = (M/R) dr घेतलं तरी बेरीज M च येते. त्यापेक्षा अर्ध्या त्रिज्येच्या आत किती वस्तुमान आलं ते बघा. चतुर्थांश आलं तर बरोबर, अर्धं आलं तर तुम्ही तबकडी नाही, कांड्या मोजत आहात.

राहिला पाठांतराचा सल्ला. घरातलं जातं घ्या. वरच्या दगडाची त्रिज्या २० सेंटिमीटर, मधल्या तोंडाची ४, वजन २० किलो असं धरू. पाठ केलेल्या सूत्रात भोक नाही. मग मुलं अंदाजानं वजाबाकी करतात, ½M(R² − a²), आणि ०.३८४ kg·m² लिहितात. कड्यांची बेरीज ० ऐवजी a पासून सुरू करा, आणि दगडाचं क्षेत्रफळ π(R² − a²) आहे हे विसरू नका. R⁴ − a⁴ मधून एक अवयव कटतो आणि उरतं ½M(R² + a²), म्हणजे ०.४१६ kg·m². अधिक चिन्ह विचित्र वाटत असेल तर भोक काठापर्यंत वाढवून बघा: दगडाची पातळ कडी होते आणि उत्तर MR² यायला हवं. अधिकानं ते येतं, वजाबाकीनं शून्य येतं. M हे भोक पडल्यानंतर उरलेल्या दगडाचं वस्तुमान आहे. वजाबाकीची चूक तिथूनच सुरू होते.

बांबूच्या काठीलाही पाठ केलेलं सूत्र लागू पडत नाही, ती बुडाकडे जड आणि शेंड्याकडे हलकी असते. समजा बुडापासून शेंड्यापर्यंत दर सेंटिमीटरचं वजन एकसारखं उतरत निम्मं होतं, म्हणजे dm = k(1 − x/2L) dx. ही बेरीज केली की बुडाभोवती 5ML²/18 मिळतं. तीच काठी उलटी धरून शेंड्याभोवती फिरवली तर 7ML²/18. एक आकडा ML²/3 च्या खाली, दुसरा वर. अशी काठी बोटावर तोलली तर ती मध्यावर नाही, बुडापासून 4L/9 वर तोलते. तेव्हा ML²/3 लिहिण्याआधी काठी बोटावर तोलून बघा. मध्यावर तोलली नाही तर ते सूत्र त्या काठीचं नाही. मध्यावर तोलली तरी जाडी सगळीकडे सारखी आहे का तेही हातानं चाचपा, कारण दोन्ही टोकांना जड असलेली काठीसुद्धा बरोबर मध्यावरच तोलते.