शिखर नेमकं कुठं येतं?

“स्प्रिंगच्या वजनाला त्याच्या नैसर्गिक वारंवारतेनं हलवलं की झोका सर्वांत मोठा. तेव्हा वजन हाताच्या अगदी तालात असतं. डॅम्पिंग वाढवलं तर झोका लहान होतो, पण शिखर जागचं हलत नाही.”

परीक्षा जवळ आली की यवतमाळकडच्या बारावीच्या ग्रुपांवर हा मजकूर दरवर्षी फिरतो.

तालाचं वाक्य सर्वांत चुकीचं, म्हणून आधी तेच घेऊ. जोर आणि विस्थापन एका तालात असतील, तर वजन जाताना जोर जितकी ऊर्जा देतो तितकीच ते परत येताना काढून घेतो. पूर्ण फेऱ्यात जमा शून्य! मग घर्षणात जाणारी ऊर्जा भरून कोण काढणार? झोका टिकायचा तर वजन मागं रेंगाळलंच पाहिजे. अगदी सावकाश हलवलं तर ते जवळपास तालात चालतं, फार वेगानं हलवलं तर जवळपास 180 अंश मागं पडतं. बरोबर नैसर्गिक वारंवारतेला ते 90 अंश मागं असतं, म्हणजे हात मधल्या जागेवरून जातो तेव्हा वजन टोकाला असतं.

आता शिखर, म्हणजे झोका सर्वांत मोठा होतो ती वारंवारता. अर्धा किलो वजन, 50 न्यूटन प्रति मीटरची स्प्रिंग, म्हणून नैसर्गिक वारंवारता ω₀ = 10 रेडियन प्रति सेकंद. स्प्रिंगचं वरचं टोक 2 सेंमी आयामानं वरखाली करा, म्हणजे जोर 1 न्यूटन. वजनाखालची चकती तेलात बुडवली आणि डॅम्पिंगचा गुणांक b = 4 आला असं धरू. β = b/2m = 4.

ω शिखर = √(ω₀² − 2β²) = √68 ≈ 8.25

तिथं झोका 2.73 सेंमी आणि फेज सुमारे 64 अंश मागं. 10 वर झोका 2.5 सेंमीच. 10 वर जे सर्वांत जास्त असतं ते झोका नव्हे, वेग. गफलत बहुधा इथंच होते. मोजताना सुरुवातीची गडबड विरू द्या. ती e^(−βt) नं विरते, या तेलात सेकंदभर पुरे. तेल काढून β = 0.2 केलं तर मात्र वीसेक सेकंद थांबावं लागतं. आणि खरं सांगायचं तर तेव्हा शिखर 9.996 वर येतं, म्हणजे पहिलं वाक्य व्यवहारात चालून जातं.

जागचं हलत नाही म्हणणाऱ्यांनी तेल आणखी घट्ट करून पाहावं. β 7.07 च्या वर गेला की शिखरच उरत नाही. सर्वांत मोठा झोका सर्वांत सावकाश हलवताना, तोही 2 सेंमीच.

हे सूत्र डाळमिलच्या चाळणीला जसंच्या तसं लावू नका, भाऊ. तिथं जोर फिरत्या असंतुलित वजनाचा, तो ω² नं वाढतो आणि शिखर वर सरकतं. हेच आकडे धरले तर 12.1 वर.