पाच मिनिटं, आप्पा आणि धाब्यावरची बोट: एका प्रतिक्रियेला उत्तर

> "आप्पा स्क्रीनवर फोटो बघतात आणि पाच मिनिटांत तो जोडलेला आहे हे ओळखतात, हे सिनेमात शोभतं. हल्लीचं फोटोशॉपचं काम साध्या डोळ्याला कळत नाही. आणि कळलं तरी काय, बचावपथकानं शेजारच्या गावात माणसं वाचवलीच होती ना? शेवट पण गुंडाळलाय. लेखकानं पेपरचं ऑफिस आतून पाहिलेलं दिसत नाही." (चोपड्याहून एक वाचक)

भाऊ, ही प्रतिक्रिया माझ्या ज्या कथेवर आहे, तिच्यात पेपरच्या ऑफिसातले आप्पा पुरातल्या बचावाचा एक फोटो जोडलेला आहे म्हणून छापायला नकार देतात. टीकेचं मला वावडं नाही. कथा आवडली नाही म्हणा, विषय संपला. पण शेवटचं वाक्य लिहायची काही गरज होती का? जळगाव आवृत्तीची पानं लावण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्याचं कौतुक सांगत बसत नाही, पण "आतून पाहिलेलं दिसत नाही" हे ठरवण्याआधी कथा तरी आतून वाचायची होती.

कारण पाच मिनिटांत आप्पांना येते ती शंका. नकार ते नंतर देतात, कॅमेऱ्याचं कार्ड मागवल्यावर. मधली दोन पानं तुम्ही उडी मारून गेला आहात, म्हणून आता इथे सविस्तर लिहितो.

फोटोत काय आहे ते आठवा. हतनूरचे दरवाजे उघडलेत, तापी फुगली आहे, गावात पाणी शिरलंय. घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, एक म्हातारी आणि नातू अडकलेत, आणि केशरी रबरी बोटीतला जवान त्यांच्याकडे हात करतोय. धाब्याचा भाग त्याच दिवशीचा, खरा. बोट आणि जवान मात्र मे महिन्यातल्या मेहरूण तलावावरच्या सरावातून उचललेले. आता मे महिन्यातलं ऊन आणि पुराच्या दिवसाचं आभाळ यांत फरक असतो की नाही? ढगाळ दिवशी उजेड एका बाजूनं येत नाही, अख्ख्या आभाळातून झिरपतो. म्हातारीच्या चेहऱ्यावर म्हणून कुठेच कडक सावली नाही, हनुवटीखाली नुसता काळपटपणा. जवानाच्या टोपीच्या पुढच्या कडेची सावली मात्र नाकावर सुरीनं कापल्यासारखी पडली आहे. बोटीचा रंग बदलता येतो, उजळपणा उतरवता येतो. सावलीची धार मऊ करायची तर चेहरा नव्यानं रंगवावा लागतो, आणि घाईतला माणूस तिथेच हात आखडतो. हे दिसायला भिंग लागत नाही. उलट फोटो लहान करून बघितला तर लवकर दिसतं, कारण बारकावे गळतात आणि उजेड तेवढा उरतो. आप्पा कथेत फोटो अंगठ्याएवढा करून बघतात तो याचसाठी. तुम्हाला ती लेखकाची हौस वाटली असेल.

दुसरी खूण पाण्याची. वाहत्या पाण्यात काहीही उभं असलं की प्रवाहाच्या अंगाला पाणी चढतं, फेस धरतं आणि मागे शेपूट सोडतं. धाब्याच्या कोपऱ्यावर ते दिसतंय. चार हातांवर थांबलेल्या बोटीला मात्र प्रवाह माहीतच नाही. शिवाय रबराच्या खाली बोटीच्या प्रतिबिंबाची केशरी पट्टी राहून गेली आहे. तलावाच्या संथ पाण्यात प्रतिबिंब पडतं. पुराच्या खळाळत्या गढूळ पाण्यात असं सरळ, अख्खं प्रतिबिंब टिकेल का? बोट कापणाऱ्यानं कड नीट कापली, पण कडेखालचं पाणी बोटीबरोबरच उचललं.

आता तुमच्या मुद्द्यातलं जे खरं आहे ते. काही खुणा खरोखरच दगा देतात. अंधाऱ्या दिवशीच्या फोटोत आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, वाढवावी लागते, आणि फोटोत ठिपक्यांचा दाणा येतो. उन्हातला फोटो स्वच्छ असतो. मूळ फाइल दोनशे टक्के मोठी केली तर दाणेदार पाण्यात गुळगुळीत बोट लगेच उठून दिसते. पण फोटो व्हॉट्सॲपवरून आला की तो लहान होतो, दाबला जातो आणि दाणा सगळीकडे सारखाच पुसला जातो. फाइलमधली तारीख, वेळ, कॅमेऱ्याचं नावही त्यात निघून जातं. म्हणून माहिती नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही. फोटोशॉपचं नाव सापडलं म्हणूनही नाही. डेस्कवर उजेड-काळोख सुधारलेल्या प्रत्येक फोटोत ते असतं. हे आप्पांना ठाऊक आहे, आणि म्हणूनच ते स्क्रीनवर भांडत बसत नाहीत. ते मागचे-पुढचे फोटो मागतात.

कथेचा कणा तिथे आहे, भो. बोट माणसांपर्यंत पोचतेय हे दिसल्यावर कोणताही छायाचित्रकार एकच फोटो काढून थांबत नाही. बटण दाबून धरलं की सेकंदाला पाच-सात फोटो पडतात. बोट लांब आहे, जवळ आली, हात पोचला, म्हातारी उतरली, असा सगळा क्रम कार्डावर हवा. कथेतल्या कार्डावर `DSC_4417` ते `DSC_4431` असा सलग क्रम आहे. एकही क्रमांक गळलेला नाही, सगळ्यांत धाबं आहे, बोट एकातही नाही. कॅमेऱ्याचं घड्याळ चुकीचं लागलेलं असू शकतं, म्हणून आप्पा वेळ बघत नाहीत, दोन फोटोंमधलं अंतर बघतात. घड्याळ चुकलं तरी अंतर तेच राहतं. पंधरा फोटो चाळीस सेकंदांतले, दोन फोटोंमध्ये फार तर सहा सेकंद. तेवढ्यात बोट येऊन, माणसं घेऊन गेली का?

"पेपरात छापल्यावर कुणाला कळणार?" हे वृत्तसंपादकाचं वाक्यही तुम्हाला नाटकी वाटलं असावं. ते तांत्रिकदृष्ट्या अगदी बरोबर आहे. पेपरचा कागद शाई पितो. छापलेला फोटो बारीक ठिपक्यांचा असतो, आणि पन्नास टक्के जागा व्यापणारा ठिपका छापून पंचाहत्तरच्या आसपास जातो. जोड, कडा, दाणा सगळं त्या फुगलेल्या ठिपक्यांत बुडतं. मोह होतो तो यामुळेच.

"माणसं वाचवलीच होती ना" याबद्दल थोडक्यात. 2003 साली लॉस एंजेलिस टाइम्सच्या ब्रायन वॉल्स्कीनं बसऱ्याजवळचे काही क्षणांच्या अंतरानं काढलेले दोन फोटो जोडले. माणसं खरी, जागा खरी, सैनिकही खरा. पार्श्वभूमीतली काही माणसं दोनदा दिसली म्हणून ते पकडलं गेलं आणि त्याची नोकरी गेली. आपल्याकडे डिसेंबर 2015 मध्ये चेन्नईच्या पुराच्या हवाई पाहणीचा, खिडकीत दुसरं दृश्य बसवलेला फोटो केंद्र सरकारच्या पीआयबी या माहिती कार्यालयाला मागे घ्यावा लागला होता. पाहणी झाली होती, पूरही आला होता. कथेत तर या म्हातारीला वाचवणंच झालेलं नाही. त्या गावातली म्हातारी संध्याकाळपर्यंत धाब्यावरच होती आणि तिच्या लेकाच्या हातात सकाळी तिच्या सुटकेचा फोटो पडणार होता. बोट दुसरीकडे पाठवायचा निर्णय कुणी पेपर बघून घेतला तर? "प्रातिनिधिक छायाचित्र" लिहून भागवा, असं कथेत सुचवलं जातंच. केळीच्या भावाच्या बातमीला ते चालतं. गावाचं नाव आणि वार टाकलेल्या बातमीला चालत नाही.

शेवट गुंडाळलाय, हे थोडंफार मान्य. लांबच्या गावांसाठी लवकर छापल्या जाणाऱ्या डाक आवृत्तीचं पान सोडण्याचा प्रसंग मी आवरता घेतला, आणखी अर्धं पान चाललं असतं. पण पहिल्या पानावर काय गेलं ते लिहिलेलं आहे, नीट बघा: `DSC_4424`, फक्त उजेड थोडा वाढवलेला, डावीकडून कापलेला, आणि खाली "धाब्यावर अडकलेले आजी-नातू. बातमी लिहीपर्यंत मदत पोचलेली नव्हती."