मुदतीचा मुद्दा आणि दोन मिनिटे

“रिबटलला दोनच मिनिटे मिळतात, तेवढ्यात समोरच्यांच्या नव्या मुद्द्याला उत्तर देणे जमत नाही. हा मुद्दा त्यांच्या मेमोरियलमध्ये नव्हता एवढे सांगायचे आणि उरलेल्या वेळात आपले सगळे मुद्दे भराभर पुन्हा मांडायचे. सर-रिबटल तर आभार मानण्यापुरतेच असते.”

मूट, म्हणजे अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धेची तयारी करणाऱ्या मुलांमध्ये हा सल्ला इतका फिरतो की जळगावला सराव घेताना दर वर्षी मला तो खोडून काढावा लागतो. मेमोरियल म्हणजे आधी दिलेला लेखी युक्तिवाद, रिबटल म्हणजे समोरच्यांचे बोलून झाल्यावर तक्रारदार पक्षाने दिलेले उत्तर, आणि सर-रिबटल म्हणजे त्या उत्तराला समोरच्यांचे प्रत्युत्तर. यंदाच्या सरावासाठी मी बेतलेल्या एका प्रकरणावरून त्यातले एकेक वाक्य तपासता येईल.

प्रकरण रावेर तालुक्यातल्या केळीच्या मृगबागेचे आहे. प्रकरणाच्या मजकुरातल्या परिच्छेद ४ नुसार शेतकऱ्याने २० जून २०२२ रोजी ग्रँड नैन जातीची टिश्यूकल्चर रोपे घेतली. परिच्छेद ६ नुसार १० ऑक्टोबरला त्याने विक्रेत्याला फोन करून बागेची वाढ असमान असल्याचे कळवले. परिच्छेद ९ नुसार फेब्रुवारी २०२३ मध्ये बाग निसवली तेव्हा वेगळ्याच जातीचे घड दिसले आणि १४ फेब्रुवारीला पंचनामा झाला. ग्राहक आयोगात तक्रार दाखल झाली ती १८ नोव्हेंबर २०२४ रोजी. कंपनीच्या मेमोरियलमध्ये दोनच मुद्दे होते: शेतकरी ग्राहक नाही, आणि रोपांची प्रयोगशाळेत तपासणी झालेली नाही. या दोन्हींसाठी शेतकऱ्याची बाजू मांडणारे आमचे पथक मधुसूदन रेड्डी प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा निकाल घेऊन तयार होते. पण कंपनीचा दुसरा वक्ता उभा राहिला आणि म्हणाला की खरेदीपासून दोन वर्षे जून २०२४ मध्येच संपली, म्हणून ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे तक्रार मुदतबाह्य आहे.

आता ‘हे मेमोरियलमध्ये नव्हते’ असे म्हणून पाहा. पहिली अडचण नियमांची आहे. जेसपसारख्या आंतरराष्ट्रीय मूट स्पर्धेत तोंडी युक्तिवादाला मेमोरियलची हद्द नसते, आणि आपल्याकडच्या स्पर्धांतही तशी हद्द आहे की नाही हे नियमावली वाचल्याशिवाय गृहीत धरता येत नाही. दुसरी अडचण कायद्याची आहे आणि ती अधिक जड आहे. कलम ६९ चा रोख आयोगाकडे आहे: वादकारण, म्हणजे दाद मागण्याचे कारण, उद्भवल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल न झालेली तक्रार आयोगाने दाखल करून घ्यायची नाही. जुन्या अधिनियमातल्या याच आशयाच्या कलम २४ए बद्दल स्टेट बँक ऑफ इंडिया विरुद्ध बी. एस. ॲग्रिकल्चरल इंडस्ट्रीज या २००९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की मुदत पाहणे हे आयोगाचे स्वतःचे कर्तव्य आहे. विरुद्ध पक्षाने मुद्दा उशिरा काढला हा आक्षेप तेथे टिकत नाही. उलट, कलम वाचलेल्या न्यायाधीशाला त्यातून एवढेच कळते की या पथकाजवळ उत्तर नाही.

उत्तर मात्र होते, आणि ते सापडायला टेबलावरची तीन-चार मिनिटे पुरली. समोरचा वक्ता बोलत असताना पाव कागदावर तीन गोष्टी लिहायच्या: तो नेमके काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत, त्याने कोणता परिच्छेद किंवा कलम धरले ते, आणि त्यातला कोणता शब्द चुकीचा आहे तो. आमच्या दुसऱ्या वक्त्याने मूळ अधिनियम उघडला, कलम वाचले आणि ‘खरेदी’ या शब्दाखाली रेघ ओढली, कारण कलमात खरेदीचा दिनांक नाहीच. तेथे वादकारण उद्भवल्याचा दिनांक आहे. पथकातली एक मुलगी रावेरची, केळीवाल्यांच्या घरातली. रोप लहान असताना जात ओळखू येत नाही, निसवणीनंतर घड पाहूनच ती कळते, असे ती लगेच म्हणाली. ते खरे असले तरी घरचा अनुभव न्यायाधीशांच्या बेंचसमोर सांगता येत नाही. आधार द्यायचा तो परिच्छेद ९ चाच.

आपले सगळे मुद्दे पुन्हा मांडावेत, हा सल्ला येथेच कोसळतो. रिबटलची व्याप्ती समोरच्यांच्या युक्तिवादापुरती असते, आणि जे मुद्दे आधीच बेंचसमोर मांडून झाले आहेत त्यांना दुसऱ्यांदा ऐकवून काहीही मिळत नाही. निवड करताना मी मुलांना एकच प्रश्न विचारायला लावतो: हा एक मुद्दा मान्य झाला तर बाकी सगळे जिंकूनही आपण हरतो का? मुदतीच्या बाबतीत उत्तर ‘हो’ असे आहे, म्हणून दोन्ही मिनिटे त्यालाच द्यायची. लिहिलेले भाषण मिनिटाभराचेच ठेवायचे, कारण नव्या मुद्द्यावर बेंच प्रश्न विचारणारच. सरावात शेवटी ठरलेले बोलणे असे होते:

“एकच मुद्दा, माय लॉर्ड्स. प्रतिवादींनी मुदत खरेदीपासून मोजली. कलम ६९ ती वादकारणापासून मोजते. रोपे चुकीच्या जातीची आहेत हे परिच्छेद ९ नुसार फेब्रुवारी २०२३ मध्ये निसवणीला दिसले. तेथून दोन वर्षे फेब्रुवारी २०२५ पर्यंत होतात आणि तक्रार नोव्हेंबर २०२४ ची आहे. परिच्छेद ६ मधला ऑक्टोबरचा फोन असमान वाढीबद्दल होता. तिची कारणे अनेक असू शकतात, त्यामुळे जातीतल्या दोषाचे ज्ञान त्या दिवशी झाले असे म्हणता येत नाही.”

परिच्छेद ६ चे वाक्य पहिल्या मसुद्यात नव्हते, आणि माझ्या दृष्टीने तेच सर्वांत मोलाचे आहे. ऑक्टोबरपासून मोजले तर दोन वर्षे १० ऑक्टोबर २०२४ लाच भरतात आणि तक्रार पुन्हा मुदतबाह्य ठरते. आपण वादकारण खरेदीवरून दोषाच्या ज्ञानावर नेले की समोरचे तेच ज्ञान ऑक्टोबरमध्ये नेणार, आणि त्यानंतर आपल्याला बोलायला वेळ नसतो. म्हणून त्या फोनचे उत्तर आधीच द्यावे लागते. विलंब माफीचे कलम ६९(२) हातात असते, पण सुरुवातच त्याने केली तर उशीर झाल्याचे आपणच कबूल केल्यासारखे होते. शिवाय माफीला पुरेसे कारण लागते, आणि आमच्या परिच्छेदांत तसे काहीच नव्हते. म्हणून ते बेंचने विचारले तरच, आणि ‘पर्यायाने’ असे स्पष्ट म्हणून सांगायचे ठरले.

यावरून सर-रिबटल आभारापुरते नाही हेही दिसते. फेरीतला शेवटचा शब्द त्यात असतो. बंधन एवढेच की रिबटलमध्ये जे आले त्याच्या बाहेर जाता येत नाही. सरावातल्या कंपनीच्या वक्त्याने ग्राहकत्वाचा मुद्दा पुन्हा काढला आणि मी त्याला तेथेच थांबवले, कारण रिबटलमध्ये त्याचा उल्लेखही नव्हता. दुसऱ्या खेपेला त्याने खरेदीचा दिनांक सोडून दिला आणि परिच्छेद ६ वर बोट ठेवले: शेतकऱ्याने फोन विक्रेत्यालाच का केला, कारण शंका रोपांवरच होती. तीस सेकंदांत तो बसला, आणि बेंचवर बसलेल्या मला खरोखर विचार करावा लागला.

जेसपच्या नियमांत रिबटल सोडले तर सर-रिबटलही होत नाही. त्यामुळे बेंचने स्वतःच प्रश्न विचारून समोरच्यांचा मुदतीचा मुद्दा मोडला असता, तर आम्ही रिबटल सोडून परिच्छेद ६ चे दार बंदच ठेवले असते. सरावात मात्र बेंच गप्प होते, म्हणून उठावे लागले.