बाटल्या, अनामत आणि शिस्त : ‘स्पष्टवक्ता’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

‘स्पष्टवक्ता’ यांची प्रतिक्रिया : “लेख वाचला. नेहमीप्रमाणे परदेशाचं कौतुक. तिकडची माणसं शिस्तीची आहेत म्हणून बाटल्या परत येतात, चार पैशांच्या अनामतीमुळे नव्हे. ज्याला परवडतं तो बाटली फेकणारच. बाटल्या परत घेणाऱ्या यंत्रांचा खर्च कोण करणार आणि परत न घेतलेली अनामत कुणाच्या खिशात जाते, हे तुम्ही सोयीस्करपणे गाळलंत. लिहिण्याआधी थोडा अभ्यास केला असता तर बरं झालं असतं.”

स्पष्टवक्ते महोदय,

माझ्या लेखाचं म्हणणं एवढंच होतं : पेय विकत घेताना बाटलीमागे थोडी जादा रक्कम अनामत म्हणून भरायची आणि रिकामी बाटली दिली की ती परत मिळायची, अशी योजना जिथे आहे तिथे बाटल्या परत येतात त्या या पैशांमुळे. आता तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण मुळात तुम्हाला तेच लिहायचं होतं असं दिसतं. लेख आवडला नाही तर तसं सांगावं, त्यात गैर काही नाही. पण समोरच्याने वाचलंच नसणार असं आधीच गृहीत धरायचं, आणि ज्या वाक्यावर सगळा आक्षेप उभा आहे त्याला स्वतः एकही आकडा द्यायचा नाही, याला स्पष्टवक्तेपणा म्हणत असतील तर मला तो नको. मी या विषयात पुस्तकं उघडण्याच्याही आधीपासून आहे, ते पुढे येईलच.

आता तुमची ‘शिस्त’. अमेरिकेतल्या ओरेगन राज्याचं उदाहरण तुम्ही लेखात नीट वाचलं असतंत तर ही प्रतिक्रिया लिहिण्याचे कष्ट वाचले असते. तिथे बाटल्यांच्या अनामतीचा कायदा १९७१ मध्ये झाला आणि १९७२ पासून लागू झाला. बहुतेक बाटल्यांमागे आणि पेयाच्या डब्यांमागे ५ सेंट. सुरुवातीच्या काळात परतीचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्या घरात होतं. त्यानंतर चार दशकांहून अधिक काळ रक्कम तीच राहिली आणि महागाई मात्र आपल्या गतीने वाढत गेली. आकडा ५ च होता, पण त्या ५ सेंटांत पूर्वी जे मिळायचं त्याचा थोडासाच भाग मिळू लागला. २०१४ मध्ये परतीचं प्रमाण ६८ टक्क्यांच्या आसपास आलं आणि २०१५ मध्ये ६४ च्या आसपास.

कायद्यात आधीच एक कळ बसवून ठेवलेली होती : परतीचं प्रमाण लागोपाठ दोन वर्षं ८० टक्क्यांखाली राहिलं तर अनामत आपोआप १० सेंट. ती कळ दाबली गेली आणि एप्रिल २०१७ पासून रक्कम दुप्पट झाली. २०१९ मध्ये परतीचं प्रमाण ८६ टक्क्यांच्या आसपास होतं. माणसं तीच, राज्य तेच आणि बाटल्याही बहुतांशी त्याच. तुमच्या हिशेबाने या लोकांची शिस्त चाळीस वर्षं ढासळत गेली आणि मग एका एप्रिल महिन्यात अचानक परत आली, असं मानावं लागेल. मानायचं असेल तर माना.

इथे कुणी अभ्यासू माणूस (तुम्ही नव्हे) म्हणेल की ओरेगनमध्ये त्याच काळात बाटल्या परत घेणारी खास केंद्रंही उघडली, मग श्रेय केंद्रांचं का नाही? प्रश्न रास्त आहे. पण ही केंद्रं २०१० पासून उघडत होती आणि तरीही २०१६ पर्यंत प्रमाण खालीच होतं. सोय वाढत होती, तरी जोवर पैसे क्षुल्लक होते तोवर ती पुरेशी ठरली नाही. २०१८ पासून रस, चहा, कॉफी अशी आणखी पेयं योजनेत आली. नव्याने आलेल्या बाटल्यांची लोकांना सवय नसते, त्यामुळे अशा बदलाने प्रमाण सहसा खाली ओढलं जातं. तरीही ते चढलं.

आणि शिस्तीचा दाखला द्यायचाच तर जर्मनीचा द्यायला हवा होतात. तो तुम्ही दिला नाहीत, म्हणून मीच देतो आणि तोही तुमच्या विरोधात जातो. तिथे एकदाच वापरायच्या बाटल्या आणि डब्यांवर १ जानेवारी २००३ पासून अनामत आली. आज ती २५ युरो सेंट आहे आणि परतीचं प्रमाण ९८ टक्क्यांच्या आसपास सांगितलं जातं. पण पहिली तीन वर्षं तिथे मोठा गोंधळ होता. सुरुवातीला बाटलीबरोबर पावती किंवा टोकन सांभाळावं लागे आणि बाटली घेतली त्याच दुकानात परत न्यावी लागे. पुढेही काही साखळी दुकानं आपल्या खास आकाराच्याच बाटल्या घेत आणि बाकीच्या नाकारत. त्या काळात फार मोठी रक्कम लोकांनी परत घेतलीच नाही, ती दुकानांकडेच राहिली. मे २००६ पासून नियम बदलला : ज्या दुकानात प्लॅस्टिकच्या बाटल्या विकल्या जातात, त्याने अनामतीची कुठलीही प्लॅस्टिकची बाटली घ्यायची, मग ती कुणीही विकलेली असो. डब्यांचं आणि काचेचं तसंच. त्यानंतर गाडी रुळावर आली. २००३ मधला जर्मन माणूस २००७ मधल्या जर्मन माणसापेक्षा बेशिस्त होता का? तेव्हा त्याला पावती जपावी लागत होती, नंतर लागली नाही, एवढाच फरक.

माझ्यापुरतं म्हणाल तर मी तरुणपणी एका पेय वितरकाकडे हिशेबाला होतो. काचेच्या बाटल्या, लाकडी क्रेट आणि प्रत्येक क्रेटमागे दुकानदाराची अनामत. रिकाम्या बाटल्यांची वही माझ्याकडे असे. त्या वहीत एक गोष्ट इतक्या वेळा दिसली की पुढे ती बघायचीही गरज वाटेनाशी झाली : रिकाम्या बाटलीला बाहेर मिळणारा भाव अनामतीच्या वर गेला की बाटल्या यायच्या थांबत. दुकानदार तेच, वर्षानुवर्षं ओळखीचे, सणाला घरी येणारे. मालक त्यांना चोर म्हणून शिव्या देत असे. मग अनामत वाढवली की तीच ‘चोर’ मंडळी क्रेट मोजून, फुटक्या बाटल्या बाजूला काढून आणून देत. तेव्हा शिस्तीवरची प्रवचनं कृपया मला ऐकवू नका. ती मी मालकाकडून पगार घेऊन ऐकलेली आहेत.

परवडणारा माणूस बाटली फेकणारच, हे तुमचं वाक्य मात्र मला मान्य आहे. अगदी पूर्ण मान्य. फक्त त्यावरून तुम्ही जो निष्कर्ष काढता तो चुकीचा आहे, कारण अनामत माणसाला चिकटलेली नसते, ती बाटलीला चिकटलेली असते. ज्याने पैसे भरले त्यानेच ते परत घ्यावेत अशी अट नाही. घाईत असलेल्या माणसाने डबा बाकावर ठेवला आणि तो निघून गेला, तरी त्या डब्याची किंमत जशीच्या तशी शिल्लक असते. तो कुणीतरी उचलतो. जर्मनीत तर लोक रिकामी बाटली कचऱ्याच्या डब्यात न टाकता शेजारी उभी करून ठेवतात, म्हणजे गोळा करणाऱ्याला आत हात घालावा लागू नये.

आता ओरेगनची दुप्पट वाढ या बाजूने बघा. एका पोत्यात शंभर डबे आहेत असं धरू. ५ सेंटांच्या काळात ते पोतं ५ डॉलरचं, १० सेंटांच्या काळात १० डॉलरचं. डबा फेकणाऱ्या सुखवस्तू माणसाला ५ सेंट आणि १० सेंट यांत काडीचाही फरक वाटत नाही, तो पूर्वीसारखाच फेकत राहतो. पण पोतं भरणाऱ्याची मजुरी एका दिवसात दुप्पट झाली. पूर्वी ज्या गल्लीत जाणं परवडत नव्हतं, ती आता परवडते. घरी डबे साठवणाऱ्या बेतास बात उत्पन्नाच्या कुटुंबालाही गाडीत पिशव्या भरून जाण्याइतकी रक्कम दिसू लागते. म्हणजे टक्केवारी वर जायला सगळ्यांनी बदलावं लागत नाही. काठावर असलेली थोडी माणसं हलली तरी पुरतं, आणि अनामतीची रक्कम नेमकी त्यांनाच हलवते.

याची मर्यादाही सांगून टाकतो, नाहीतर पुढच्या प्रतिक्रियेत तुम्ही तीच शोधून आणाल. नुसत्या पैशाने भागत नाही. मिशिगन राज्यात १९७८ पासून १० सेंट अनामत आहे आणि परतीचं प्रमाण अनेक वर्षं नव्वदच्या आसपास होतं. २०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे दुकानांतली परती थांबवली गेली आणि जूनपर्यंत ती बंद राहिली. २०१९ मध्ये ८९ च्या आसपास असलेलं प्रमाण त्या वर्षी ७३ च्या आसपास आलं, आणि दुकानं उघडल्यावरही लगेच पूर्वपदावर गेलं नाही. रक्कम एका सेंटनेही बदललेली नव्हती. तेव्हा रक्कम आणि परतीची जागा, दोन्ही लागतात. शिस्त या यादीत कुठे बसते, ते तुम्हीच बघा.

परत न घेतलेल्या अनामतीबद्दल : ओरेगनमध्ये ती पेय वितरकांकडे राहते. ही व्यवस्था मलाही पटत नाही, कारण बाटली परत आली नाही तर ज्याचा फायदा होतो त्याच्याच हातात परतीचा कारभार दिलेला असतो. तेवढा मुद्दा तुमचा. पण सगळीकडे तसं नाही. मिशिगनमध्ये या रकमेचा तीन चतुर्थांश भाग राज्याच्या पर्यावरण निधीकडे जातो आणि उरलेला दुकानदारांना मिळतो. आणि मी हे ‘सोयीस्करपणे गाळलं’ म्हणता, तर लेखाचा विषय बाटल्या परत का येतात हा होता, योजनेचा ताळेबंद नव्हे. यंत्रांच्या खर्चाचंही तेच. तो उत्पादकांच्या शुल्कातून, गोळा झालेलं अॅल्युमिनियम आणि प्लॅस्टिक विकून आणि न घेतलेल्या अनामतीतून भागवला जातो. त्यावर वेगळा लेख होईल, या उत्तरात तो कोंबणार नाही.

पुढची प्रतिक्रिया लिहाल तेव्हा ‘शिस्त’ मोजायची कशी तेवढं लिहा, आणि ओरेगनमध्ये ती २०१६ साली किती होती नि २०१९ साली किती झाली, तेही. नुसतं ‘अभ्यास करा’ असं आलं तर ती प्रतिक्रिया मी प्रसिद्ध करणार नाही.